डब्यातला पहिला रेझिस्टर

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मधल्याने विचारलं, की आजोबा आता कोडी का घालत नाहीत. तुमच्या आईने घाईघाईने सांगितलं, त्यांचे डोळे दुखतात. डोळे दुखत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन नागपूरला छान झालं आहे आणि ते अजून चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतात. मुलांना अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही, म्हणून झालं ते क्रमाने लिहिते. तुम्ही मोठे आहात, विजेचा धडा तुमचा झालेला आहे. जिथे आकडे येतील तिथे कागद घेऊन बसा.

तुम्हाला माहीतच आहे, आजोबांनी आयुष्यभर इथल्या आदिलाबादच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मी हायस्कूलला गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पॉलिटेक्निकच्या मुलांचा छोटा क्लास सुरू केला. फार नाही, दर वर्षी चार-पाच मुलं. या वर्षी चार होती. तिघं तेलुगू बोलणारे मुलगे आणि जवळच्या बेला गावची एक मराठी मुलगी. तिचे वडील भाजीपाला पिकवतात आणि ती इथे हॉस्टेलवर राहते. क्लासला तिचं हे दुसरं वर्ष होतं, मुलांचं पहिलंच. क्लास पैशासाठी नव्हता. सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कुणीतरी आपल्याला 'सर' म्हणायचं, याच्यासाठी होता.

त्या क्लासचा जीव म्हणजे डबा. एका लाकडी फळीवर स्क्रूच्या पकडी, त्यांत तीन रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारे रोध, बसवलेले आणि त्यावर पत्र्याचं झाकण. झाकणाबाहेर फक्त तारा. बारा व्होल्टच्या पुरवठ्यापासून तार निघते, पहिल्या रेझिस्टरमधून जाते, मग तिला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर दुसरा रेझिस्टर, एकावर तिसरा. पुढे दोन्ही फाटे एकत्र येऊन तार परत पुरवठ्याकडे जाते. एक मीटर फाट्याच्या आधी, सगळा करंट मोजायला. एक मीटर एका फाट्यावर. आणि एक व्होल्टमीटर फाट्यांच्या दोन टोकांना. दोन करंट, एक व्होल्टेज, बस. एवढ्यावरून, व्होल्ट भागिले करंट करत, तिन्ही रेझिस्टर किती ओहमचे ते काढायचं. उत्तर पाटीवर लिहिल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम. उघडलं की आतल्या रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे वाचायचे आणि आपलं उत्तर ताडून बघायचं.

हे इतक्या वर्षांचं होतं, की मी स्वयंपाकघरात असले तरी बाहेर कोणती पायरी चालू आहे ते आवाजावरून मला कळे. "सर, डिब्बे में आज क्या पकाये?" एक मुलगा रोज विचारायचा, आणि आजोबा रोज म्हणायचे, "पहले हाथ धो, फिर बताता हूँ."

गेल्या वर्षी त्यांचं काही काही चुकायला लागलं होतं. बँकेतून येताना चौकात उभे राहिले आणि घराचा रस्ता विचारला. तेव्हा ते आपले हसले, मीही हसले. पण एकदा कुकर पाणी न घालता गॅसवर ठेवला, तेव्हा मी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर दहा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी इतकं व्यवस्थित काढलं की काटेसुद्धा एकसारखे जाड, आणि वर डॉक्टरांना विचारलं, "दहा वाजून दहा मिनिटं झाली की तासाचा काटा दहावरच राहतो का हो तुमच्याकडे?" डॉक्टर हसले. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ज्या कामात हे मुरलेले आहेत त्यावर लक्ष ठेवा. तिथे चूक दिसली तर उशीर करू नका."

परतीच्या गाडीत आजोबांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. लपवण्याची आमच्या घरी पद्धत नाही.

त्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "मुरलेलं काम म्हणजे डबा. ठीक आहे. डबा मला सुटतो तोवर क्लास चालेल. नाही सुटला तर त्या पोरांचं वाटोळं करण्यापेक्षा घरी बसेन. घरीच तर आहे म्हणा."

म्हणजे काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळलं असेल. आता त्या दिवसाचं सांगते.

गुरुवार होता. मी भाजी निवडत होते. बाहेर मुलांनी मीटर वाचले. सगळा करंट साठ मिलीअँप, एका फाट्यावर वीस, व्होल्टमीटर सहा. आजोबा फळ्यावर करून दाखवत होते. मीटर लावलेल्या फाट्यावरचा सोपा, सहा व्होल्ट भागिले वीस मिलीअँप, म्हणजे तीनशे ओहम. दुसऱ्या फाट्यावर साठातून वीस गेले की चाळीस मिलीअँप उरतात, सहा भागिले चाळीस, दीडशे ओहम. इथपर्यंत नेहमीचं. मग ते म्हणाले, "आता पहिला. व्होल्टमीटर सहा, करंट साठ. शंभर ओहम."

माझा हात थांबला. आजवर इथे ते नेहमी एक वाक्य बोलायचे: "बारातून वजा कर रे, पुरवठा बाराचा आहे." व्होल्टमीटर फाट्यांवर आहे, पहिल्या रेझिस्टरवर नाही. पहिल्या रेझिस्टरवर उरलेले व्होल्ट पडतात. बारा वजा सहा. तेही सहाच, म्हणून उत्तर शंभरच. मला वाटलं, दोन्ही सहा आहेत म्हणून त्यांनी ती पायरी गाळली असेल.

बेल्याची मुलगी म्हणाली, "सर, पण व्होल्टमीटर तं फाट्यावर हाये ना?"

"झाकण उघड," आजोबा म्हणाले.

झाकण उघडलं. पहिल्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, तपकिरी. शंभर ओहम. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा आत आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बघितलंस? अजून सुटतो." मीही हो म्हटलं, कारण उत्तर बरोबर होतं.

तुम्ही कागदावर करून बघा. व्होल्टमीटरचं व्होल्टेज सगळ्या करंटने भागलं, तर पहिला रेझिस्टर मिळतच नाही. मिळतो तो दोन्ही फाट्यांचा मिळून एक. तीनशे आणि दीडशे शेजारीशेजारी लावले की शंभर होतात. त्या दिवशी पहिला रेझिस्टरही योगायोगाने शंभरचाच होता. म्हणून पद्धत चुकली असेल तरी डब्याने ती बरोबर ठरवली. डबा फक्त उत्तर तपासतो, पद्धत तपासत नाही, हे आम्हा दोघांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या क्लासला, शुक्रवारी, त्यांनी रेझिस्टर बदलले. मुलांकडे पाठ करून स्क्रू आवळायचे, ही त्यांची सवय. मी या वेळी भाजी घेऊन दाराजवळच बसले. सगळा करंट तीस, एका फाट्यावर वीस, व्होल्टमीटर तीन.

"आज तुम्ही करा," ते म्हणाले.

मुलांनी पाट्या धरल्या. तिघा मुलांनी सरांनी गुरुवारी केलं तसंच केलं होतं. फाट्यांवर दीडशे आणि तीनशे, पहिला शंभर. मुलीच्या पाटीवर पहिला तीनशे होता.

"हे काय?" आजोबा म्हणाले. "तीन भागिले तीस. शंभर. तुझं तीनशे कुठून आलं?"

"बारातून तीन गेले सर, नऊ राह्यले. नऊ भागिले तीस."

"नऊ कोणी सांगितले तुला? मीटर नऊ दाखवतो का?"

"मीटर नाई दाखवत. पण पयल्यावर नऊच पडून राह्यले ना, सर."

एक मुलगा तिला चिडवत म्हणाला, "सर के डिब्बे से बड़ी तू है क्या?" बाकीचे हसले. आजोबाही हसले आणि म्हणाले, "उघडा झाकण, होऊ दे फैसला."

नारिंगी, काळा, तपकिरी. तीनशे.

आजोबांनी चष्मा मागितला. चष्मा त्यांना लागत नाही. त्यांनी तो रेझिस्टर स्क्रूतून काढला, उजेडात धरला आणि परत तिथेच ठेवला. मग मुलीकडे वळले.

"याला हात कोणी लावला?"

मुलांनी पाट्या खाली ठेवल्या.

"तुझ्याच पाटीवर तीनशे होतं. बाकी कुणाच्या नाही. तुला आधीच माहीत होतं आत काय आहे. झाकण काढून बघितलंस ना?"

"नाई जी, सर. मी काऊन हात लावू?"

"मग बरोबर कसं आलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलेलंच होतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी उठून म्हटलं, "अहो, तिचं बरोबर आहे. बारातून वजा करायचे असतात."

"तू मध्ये बोलू नकोस. तू गणिताची, तुला तारांतलं काय कळतं?" ते म्हणाले. हे ते लग्न झाल्यापासून थट्टेने म्हणायचे. त्या दिवशी थट्टा नव्हती.

मुलीने दप्तर भरलं. पायात चपला घातल्या. "येतो काकू," एवढंच बोलली आणि गेली. तिच्यामागे बाकीचे तिघेही हळूहळू निघाले. जाताना थट्टा करणारा मुलगा मला हळूच म्हणाला, "अम्मा, सर कू आराम करने दो."

संध्याकाळी मी हॉस्टेलवर गेले. ती फाटकाशी आली. मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, सरांच्या वतीने मी माफी मागते.

"माफी काऊन मागता काकू," ती म्हणाली. "मले चोर म्हनले, त्याचं वाईट वाटलं. पण त्यापरीस दुसरंच वाईट वाटून राह्यलं. सरांनं मागच्या वर्षी आमच्या बॅचले हेच बारातून वजा कराले शिकवलं होतं. एका पोरीनं वजा नाई केलं तं तिले अर्धा तास उभं ठेवलं होतं." मग म्हणाली, "सरांले काई झालं काय?"

मी तिला खरं सांगितलं. ती फाटकाची कडी उघडझाप करत राहिली.

"मंग प्रॅक्टिकलले आमी काय लिवाचं?" तिने विचारलं. "बाकीच्या पोरायनं सरांचंच लिवून घेतलं. डब्यानं बरोबर सांगितलं म्हनतात."

याचं उत्तर आमच्या घरातूनच यायला हवं होतं, आणि लवकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, मी आजोबांना म्हटलं, "आज मी डबा भरते. तुम्ही सोडवा."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं रागावतील. पण म्हणाले, "भर. सोपा नको भरू."

मी सोपाच भरला. तिन्ही रेझिस्टर दोनशेचे. पाठ करून स्क्रू आवळताना मला माझीच लाज वाटत होती, जणू मी त्यांच्याविरुद्ध काही कट करते आहे.

त्यांनी तारा जोडल्या. मुलांनो, ते बघण्यासारखं होतं. इतकी स्वच्छ जोडणी, की लाल तार कुठे आणि काळी कुठे याचा त्यांना विचारसुद्धा करावा लागत नव्हता. मीटरचा काटा शून्यावर आहे का ते आधी बघितलं. मान सरळ काट्यावर आणून वाचलं. सगळा करंट चाळीस, फाट्यावर वीस, व्होल्टेज चार. कागदावर लिहिलं. चार भागिले वीस, दोनशे. चाळीस वजा वीस, वीस, परत दोनशे. मग लिहिलं, चार भागिले चाळीस, शंभर.

"पुरवठा किती व्होल्टचा आहे?" मी विचारलं.

"बारा."

"फाट्यांवर चार पडले. उरलेले कुठे गेले?"

"उरलेले कुठले?" ते म्हणाले.

मी कागद ओढून आकृती काढली. पुरवठा, पहिला रेझिस्टर, फाटा. तो त्यांच्यापुढे ठेवला. ते बघत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, जसा तुम्ही लहान असताना एखादी गोष्ट समजावताना उजळायचा. "अगं, आठ! बारातले आठ पहिल्यावरच पडतात. करंटला दुसरीकडून जायला वाटच नाही. आठ भागिले चाळीस, दोनशे. ही पोरं इथेच चुकतात. व्होल्टमीटर ज्याच्यावर लावलाय त्याच्यापुरतंच बोलतो, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही." वर्गातला आवाज होता. त्यांनी 'दोनशे' लिहून त्याखाली रेघ मारली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संकट टळलं, कोपरा वळून आपण परत ओळखीच्या रस्त्याला लागलो.

"आता पक्कं लिहून काढतो, पोरांना द्यायला," ते म्हणाले. नवा कागद घेतला. वर तिन्ही मीटरचे आकडे लिहिले. पहिला फाटा, दोनशे. दुसरा फाटा, दोनशे. पहिला रेझिस्टर: चार भागिले चाळीस. शंभर.

मला सांगावं लागलं नाही. आधीचा कागद शेजारीच होता. त्यांचं लक्ष एकावरून दुसऱ्यावर गेलं, मग परत पहिल्यावर.

"हे दोन्ही मीच लिहिलंय?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी दोन्ही कागद जवळ जवळ ठेवले, कडा जुळवल्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. ते म्हणाले, "समजतंय मला. तू दाखवलंस की समजतं. पण ते तिथे राहत नाही." पुरवठ्याचं बटण त्यांनी बंद केलं. तिन्ही काटे खाली आले. "फोन लाव. चौघांनाही. आधी त्या बेल्याच्या पोरीला."

ती शनिवार म्हणून गावी गेली होती. फोन तिच्या वडिलांनी उचलला. मी क्लास बंद केल्याचं सांगितलं.

"काऊन जी मॅडम? सर बरे हायेत ना?" ते म्हणाले. "आमची पोरगी सकाळी घरी आली तवापासून धड जेवून नाई राह्यली. काई बोलत बी नाई."

मी म्हटलं, सर बोलतात. फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे मुलगी आली असावी. आजोबा ताठ बसले, फळ्यासमोर उभे असल्यासारखे.

"तू झाकण काढलं नव्हतंस," ते म्हणाले. "तुझं तीनशे बरोबर होतं. माझी चूक होती." मग ऐकत राहिले. तिच्याकडचा आवाज मला येत होता, शब्द कळत नव्हते. "नाही, परत यायचं नाही. ऐक. फाट्यांवरचे दोन मी शिकवलेत तसेच कर, ते बरोबर आहेत. पहिला माझ्याकडून घेऊ नकोस. पुस्तकात बघ. बाकीच्या तिघांनाही तूच सांग. माझं नाव सांगून सांग, म्हणजे ऐकतील."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिला सांगितलं ना मी, पहिला घेऊ नकोस म्हणून?"

मी म्हटलं, सांगितलंत.

थोड्या वेळाने परत विचारलं. मग मी बाकीच्या तिघांना फोन लावले, आणि दर वेळी ते माझ्या शेजारी बसून, मी बरोबर सांगते आहे ना ते ऐकत होते.